अळणी डबा

आमच्या सासूबाई स्वयंपाक करताना चव बघत नाहीत. चव बघत बघत जो रांधतो तो अजून शिकाऊ, असं त्यांचं ठाम मत आहे. झाकण उचलायचं, वास घ्यायचा, रंग बघायचा आणि पुन्हा झाकण ठेवायचं. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा पळीभर डाळ तळहातावर घेऊन चाखत होते, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फुटलेला पेपर बघून परीक्षेला बसले आहे.

एके काळी या घरात तीन भावांची बिऱ्हाडं होती आणि सासूबाई दोन्ही वेळा पंधरा-वीस पानांचं रांधायच्या. मग एकेक बिऱ्हाड वेगळं झालं, मुलं परगावी गेली आणि उरलो आम्ही चार. मोठी पातेली माळ्यावर गेली. सासूबाई चौघांसाठी बोटभर भाजी करायच्या आणि अधूनमधून माळ्याकडे बघायच्या. सासऱ्यांचं म्हणणं, एवढी भांडी जपून ठेवून काय उपयोग, मोडीत घालू. ते नुसतं बोलून थांबणारे नव्हेत. त्यांनी मोडवाल्याला सांगूनही टाकलं होतं. रविवारी येतो, म्हणाला होता.

तेव्हा मी म्हटलं, आई, आपण ऑफिसात डबे पोचवू या.

मला हे सुचायला कारण होतं. मी पूर्वी गाद्यांच्या दुकानात विक्रीला होते. गादीवर माणसाला आडवं करायचं आणि पुन्हा उठू द्यायचं नाही, एवढंच माझं शिक्षण. बोलणाऱ्याची बोरंही विकली जातात. त्यातून दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक मोठं विमा ऑफिस होतं. तिथली माणसं दुपारी काय खातात ते मी वर्षानुवर्षं पाहिलं होतं. सकाळी घाईत भरलेला गारढोण डबा, नाहीतर खालच्या टपरीवरचं तेलकट काहीतरी, आणि चारच्या सुमाराला सगळ्यांचे हात पोटावर. नवऱ्याने बरीच वर्षं शाळेची बस चालवली होती. त्याची बस कोपऱ्यावर आली की लोक घड्याळं लावायचे. शाळेने बस बंद केल्यापासून तो घरात बसून कुकरच्या शिट्ट्या मोजत होता. रांधायला सासूबाई, पोचवायला नवरा, बोलायला मी. यात काय कमी होतं ते मला तेव्हा कळलं नाही.

सासूबाईंनी लगेच हो म्हटलं नाही. दोन दिवस विचार केला आणि मग म्हणाल्या, "एकदाच विचारायचं. त्यांनी नाही म्हटलं तर पुन्हा हा विषय घरात निघता कामा नये. पातेली जातील मोडीत."

हे त्या शांतपणे म्हणाल्या, पण माळ्यावरून पातेली उतरवल्यावर त्यांनी ती चिंच लावून लावून घासली, एक काळा डाग उरू दिला नाही. दुकानात एखादी गादी विकली गेली नाही तरी रात्री मला झोप लागायची. हे वेगळं होतं. हे विकलं गेलं नाही तर ही बाई पुन्हा आयुष्यभर बोटभर भाजी करणार होती.

मी विमा ऑफिसच्या व्यवस्थापक बाईंना गाठलं. त्यांनी शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीच्या जरा आधी बैठकीची खोली दिली. प्रत्येक विभागातला एकेक जण येईल, चव घेईल, प्रश्न विचारेल, मग ठरवू, असं सांगितलं. शिवाय आधीच इशारा दिला की हिशेब विभागातले एक जण फार खट आहेत, त्यांचं समाधान झालं तर सगळ्यांचं झालं.

आदल्या संध्याकाळी आम्ही रंगीत तालीम केली. वाटाणा-बटाट्याचा रस्सा, कोबीची सुकी भाजी, डाळ, भात, पोळ्या, काकडी. शुक्रवारी नेमकं हेच न्यायचं होतं. आम्ही जेवायला बसलो, नेहमीसारखी बरणी फिरली, जेवलो. मी म्हटलं, आई, एकदम झकास. नवरा म्हणाला, झकास. सासरे म्हणाले, "ठीक आहे." सासरे कशालाही ठीक आहेच म्हणतात. त्यांच्या लग्नाबद्दल विचारलं तरी ठीक आहेच म्हणतील.

शुक्रवारी सकाळी सासूबाई पहाटेच उठल्या होत्या. भात शिजल्यावर त्यांनी तो परातीत पसरून वाफ जाऊ दिली, नाहीतर डब्यात पाणी सुटून गिचका होतो. पोळ्या एकेक करून फडक्यावर निवल्या, मग घडी घातली. रस्सा आणि डाळ खालच्या पुडांत, भात मधल्या, सुकी भाजी आणि पोळ्या वर. सगळे डबे जाड आवरणाच्या मोठ्या पिशवीत गेले. नवऱ्याने कुठला सिग्नल कधी सुटतो याचा अभ्यास आदल्या दिवशीच करून ठेवला होता. त्याने आम्हाला ऑफिसच्या दारात उतरवलं तेव्हा मी घड्याळाकडे पाहिलंसुद्धा नाही. सवयच नाही. तो आला म्हणजे वेळ झाली.

बैठकीच्या खोलीत लांबलचक टेबल, गार हवा आणि भिंतीवर विकत घ्या, विकत घ्या असं सांगणारी हसऱ्या कुटुंबांची चित्रं. आठ-दहा जण बसले होते. त्यातला खट मला न सांगता ओळखू आला. खिशाला दोन पेनं, हाताची घडी, आणि चेहऱ्यावर पावती कुठे आहे असा भाव. सासूबाई दाराजवळच्या खुर्चीवर पर्स मांडीवर घेऊन बसल्या. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघणाऱ्या बाया बसतात तशा.

मी सुरू केलं. सांगितलं की हॉटेलचं जेवण पहिल्या घासाला छान लागतं आणि दहाव्या दिवशी नकोसं होतं. घरचं जेवण दहा वर्षं खाल्लं तरी माणूस पुन्हा त्याच ताटावर येतो. सांगितलं की आठवड्याची यादी रविवारीच मिळेल, एक भाजी त्या आठवड्यात पुन्हा येणार नाही, उद्या नको असेल तर आज संध्याकाळपर्यंत कळवायचं. प्रत्येक डब्याला मजल्याप्रमाणे रंगाची चिठ्ठी, कुणाचा डबा कुणाकडे जाणार नाही. सुट्टी व्हायच्या आत डबे टेबलावर, आणि रिकामे डबे आम्हीच परत नेऊन उकळत्या पाण्याने धुणार. माणसं माना डोलवत होती. मला गादी विकल्याची जुनी धुंदी चढायला लागली.

खट गृहस्थांनी घडी न सोडता विचारलं, "याआधी तीन जण येऊन गेले. पहिला आठवडा सगळ्यांचाच चांगला असतो. दुसऱ्या आठवड्यापासून डाळीत आपला चेहरा दिसायला लागतो. तिसऱ्या आठवड्यात डबा सुट्टी संपल्यावर येतो. तुमचं वेगळं काय?"

मी म्हटलं, आमचं वेगळं म्हणजे आम्ही घरी जे खातो तेच तुम्हाला देणार. त्याच पातेल्यातलं, त्याच हातचं. जे आमच्या ताटात, तेच तुमच्या डब्यात. यात तसूभरही फरक पडणार नाही.

याच वाक्याने माझा घात केला.

डबे उघडले. वास सुटला. वास खरंच सुंदर होता, त्याबद्दल आजही माझं दुमत नाही. रंगही जसे हवे तसे. सगळ्यांनी वाढून घेतलं. मी पहिल्या घासाकडे डोळे लावून उभी होते. पहिल्या घासानंतर माणसं काहीतरी म्हणतात. इथे कुणी काही म्हटलं नाही. दुसरा घास झाला. एका मुलीने काकडी खाल्ली. एकाने पोळी नुसतीच तोडून तिच्याकडे पाहिलं. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, "वाटाणे छान शिजलेत." वाटाणे शिजल्याचं कौतुक म्हणजे मुलगी बघायला जाऊन घराच्या खिडक्यांचं कौतुक करण्यासारखं.

मी पटकन चमचाभर रस्सा तोंडात टाकला. आणि माझा हात आपोआप टेबलावरून डावीकडे गेला. घरी डावीकडे बरणी असते.

तिथे बरणी नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

सासऱ्यांना रक्तदाबाचा त्रास सुरू झाला त्या वर्षापासून सासूबाईंनी पातेल्यात मीठ घालणं बंद केलं होतं. सगळ्यांसाठी एकच अळणी स्वयंपाक, आणि टेबलावर मिठाची बरणी. ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. सुरुवातीला आम्ही कुरकुरलो, मग सवय झाली, आणि सवय झाली की माणूस आंधळा होतो. जेवणाआधी हात धुतात तसा आमचा हात बरणीत जायचा. आदल्या संध्याकाळी मी झकास म्हटलं होतं तेही बरणी फिरल्यावर. पातेल्यातलं अन्न मीठ न घेता जिभेला लावून कितीतरी वर्षं झाली होती. सासूबाई तर चव बघतच नाहीत. घरच्यासारखंच देऊ, असं मी म्हणाले होते, आणि शब्दाला जागून अगदी घरच्यासारखंच आणलं होतं. फक्त बरणी घरी राहिली होती.

आता माझ्यासारखीने काय केलं असतं? तेच केलं. मी घसा साफ केला आणि बोलायला लागले. म्हटलं, आपल्या लक्षात आलंच असेल की हे जेवण आम्ही मुद्दाम हलकं ठेवलंय. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला मीठ किती घातक असतं हे विम्याच्या ऑफिसला मी काय सांगणार. मूळ भाजीची चव जिभेला कळावी, हृदयाला आराम मिळावा. एक-दोन माना खरंच डोलल्या. आणखी थोडा वेळ मिळाला असता तर मी त्यांना अळणी रस्सा आरोग्याचा ठेवा म्हणून विकला असता. सोमवारी मात्र त्यांनी तो कुंडीत ओतला असता, हेही मला त्याच वेळी कळत होतं.

"अगं, काय सांगतेस त्यांना?"

सासूबाई उठून टेबलाशी आल्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला चमचा घेतला, डाळ घेतली आणि सगळ्यांच्या देखत चाखली. मी त्यांना चव बघताना आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. त्यांचा चेहरा उतरला. मग त्यांनी पर्स टेबलावर ठेवली.

"यात मीठ नाही," त्या म्हणाल्या. "आरोग्य-बिरोग्य काही नाही. आमच्या घरी वरून घ्यायची पद्धत पडलीय, त्यामुळे माझा हातच मीठ विसरला. चूक माझी. तुम्ही इतका वेळ काही बोलला नाहीत, हा तुमचा चांगुलपणा. पण उपाशी राहू नका."

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. मी मनातल्या मनात पातेली मोडवाल्याच्या हातगाडीवर चढवत होते. खाल्ल्या मिठाला जागावं म्हणतात. इथे जागायला मीठच नव्हतं.

सासूबाईंनी व्यवस्थापक बाईंना विचारलं, इथे मीठ मिळेल का. ऑफिसच्या चहाघरात चहा, साखर, दूध पावडर आणि कधीकाळी कुणीतरी वाढदिवसाला आणलेल्या मेणबत्त्या निघाल्या. मीठ नव्हतं. मी नवऱ्याला फोन लावला. तो खाली गाडीत बसून होता. मी म्हटलं, मीठ हवंय, आत्ता. का, कशाला, असं काही न विचारता तो म्हणाला, "त्यांना चहा ओतायला सांग. शेवटचा कप भरायच्या आत येतो." फोन स्पीकरवर होता, हे मला नंतर कळलं. खट गृहस्थांनी उठून स्वतः चहाचं यंत्र सुरू केलं आणि कप ओळीने मांडले. ते हे मदत म्हणून करत नव्हते, तपासणी म्हणून करत होते.

पाचवा कप भरत होता तेव्हा नवरा किलोभर मिठाची पिशवी घेऊन दारात उभा होता. जरासा धापा टाकत होता, पण शर्ट खोचलेला होता. खट गृहस्थांनी उरलेल्या कपांकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदा हाताची घडी सोडली.

सासूबाई बाह्या सारून कामाला लागल्या. चहाच्या यंत्रातून कपभर गरम पाणी घेतलं, त्यात मीठ विरघळवलं. शिजलेल्या रश्शात कोरडं मीठ टाकलं तर एका घासाला खारट आणि दुसऱ्याला फिकं लागतं, हे त्यांनी शेजारच्या मुलीला सांगितलंसुद्धा. ते पाणी थोडं थोडं डाळीत, रश्शात, आणि अगदी शिंपडून कोबीत. ढवळायचं, चाखायचं, पुन्हा चमचाभर. शिकाऊ माणसासारख्या चाखत होत्या. मग एक चमचा त्यांनी खट गृहस्थांपुढे धरला. ते म्हणाले, किंचित अजून. व्यवस्थापक बाई म्हणाल्या, नको, बास, त्यांना काय, ते सगळ्यातच जास्त खातात. त्यावरून दोन तट पडले. कुणी म्हणालं कोबीला लागेल, कुणी म्हणालं रस्सा आता अगदी जमलाय. मघाशी परीक्षकासारखी बसलेली माणसं टेबलाभोवती उभी राहून वाटी पुढे करत होती आणि एकमेकांच्या ताटातलं चाखत होती. ज्या मुलीने नुसती काकडी खाल्ली होती तिने तिसरी पोळी घेतली. मी काहीच बोलत नव्हते. माझी गरजच उरली नव्हती, आणि मला त्याचा राग यायचा तेवढा आला नाही.

डबे पुसल्यासारखे रिकामे झाल्यावर व्यवस्थापक बाईंनी खट गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी खिशातलं एक पेन काढलं.

"तुमच्या सुनेने सांगितलं ते सगळं आधीच्या तिघांनीही सांगितलं होतं," ते सासूबाईंना म्हणाले. "पण चूक झाली असं कुणी सांगितलं नव्हतं. पाणचट डाळीलाही ते पौष्टिक म्हणायचे."

"पहिला आठवडा सगळ्यांचाच चांगला असतो म्हणालात ना," सासूबाई म्हणाल्या. "आमचा वाईट गेला. आता खाली जायला जागा नाही."

ते हसले. त्यांना हसताना पाहून त्यांच्याच ऑफिसातले लोक दचकले.

"मग पहिला आठवडा आज झाला असं धरू," ते म्हणाले. "सोमवारी दुसऱ्यापासून सुरू करा."

परतताना सासूबाई गाडीत पुढे बसल्या होत्या, मांडीवर उरलेल्या मिठाची पिशवी. मी मागून म्हटलं, आई, माझं चुकलं, मी उगाच तिखटमीठ लावत होते. त्या म्हणाल्या, तिखटमीठ लावायचं काम तुझंच आहे, फक्त आधी पातेल्यात आहे की नाही ते विचारत जा. नवरा हसला आणि त्यामुळे एक सिग्नल चुकला. त्याचं त्याला घरी येईपर्यंत वाईट वाटत होतं.

घरी सासरे जेवायचे थांबले होते. ऑफिसात काय झालं ते मी सगळं रंगवून सांगितलं. मोडवाल्याला येऊ नको म्हणून फोन करा, असंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि ठीक आहे म्हणाले. सासूबाईंनी त्यांच्यासाठी घरी काढून ठेवलेली डाळ गरम केली. मग पिशवीत दोन बोटं घातली, चिमूट काढली, थांबल्या, अर्धी चिमूट परत टाकली आणि उरलेली डाळीत घातली. ढवळून चाखली. ताट वाढलं.

सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि थांबले. दुसरा घेतला. मग वर बघितलं.

"यात मीठ आहे," ते म्हणाले.

"चिमूटभर," सासूबाई म्हणाल्या. "नको असेल तर दुसरी देते. डॉक्टरांनी बंद करायला सांगितलंय, ठाऊक आहे मला."

"डॉक्टरांनी कमी करायला सांगितलं होतं. बंद तू केलंस."

सासूबाई पळी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. आम्ही तिघं वरून मीठ घ्यायचो, पण सासरे बरणीला कधी हात लावत नसत, हे मला त्या क्षणी आठवलं. या घरात सासूबाईंचा स्वयंपाक जसा होता तसा खाणारा तो एकच माणूस होता.

"इतकी वर्षं अळणी जेवलात," त्या म्हणाल्या. "एकदा तरी बोलायचं होतं."

"तू घाबरली होतीस," सासरे म्हणाले. "म्हणून घालत नव्हतीस. मग काय बोलायचं. चव नव्हती, पण ताट कधी उशिरा आलं नाही."

सासूबाईंनी पदराने डोळे टिपले आणि कांद्याला दोष दिला. त्या दिवशी कांदा चिरलाच नव्हता. मग त्यांनी पळीभर डाळ आणखी वाढली आणि विचारलं, कशी झालीय.

सासऱ्यांनी तिसरा घास घेतला आणि नीट चावून गिळला. आम्ही सगळे वाट बघत होतो.

"छान झालीय," ते म्हणाले.